गुडघ्याची गोळी, पोटातला रक्तस्राव आणि थकलेल्या किडन्या: एक प्रकरण अभ्यास

आषाढी एकादशी होऊन चार दिवस झाले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून ६२ वर्षांच्या एका बाईंना त्यांच्या मुलाने आमच्याकडे आणलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उठून उभं राहिलं की चक्कर, अंगात त्राण नाही, मळमळ आणि दोन दिवसांपासून लघवी फार कमी, अशा तक्रारी होत्या. मुलाचं म्हणणं होतं, "आई वारीत चालून दमलीय. एक सलाइन लावा, बरी होईल."

थकव्याने एवढं होत नाही हे नाडीवर हात ठेवताच कळलं. ठोके मिनिटाला ११२ होते. झोपून रक्तदाब ९६/६०, बसवल्यावर वरचा आकडा ८० वर आला. खालची पापणी ओढून पाहिली तर आतली कड पांढरी फटक. रक्त कमी आहे आणि रक्तवाहिन्यांमधलं पाणीही कमी आहे, ही दोन्ही चिन्हं एकाच वेळी समोर होती.

औषधांबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी बी.पी.ची गोळी सांगितली. आणखी काही? "न्हाई, दुसरं कायबी न्हाई." शौचाचा रंग विचारला तर म्हणाल्या, आठेक दिवस काळी होतेय, चिकट होतेय, वासही निराळाच येतोय, पण वारीत बाहेरचं खाणं झालं म्हणून असेल. तेव्हा मी प्रश्न बदलला. "मावशी, गुडघ्याला काय घेता?" लगेच उत्तर आलं, "ते व्हय, दुखण्याची गोळी घेते की. ती काय औषध हाय?" सूनबाईंनी पिशवी उलटी केली. त्यात आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशा मिश्र गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. काही रिकाम्या, एक अर्धी.

हा प्रश्न असा फोडूनच विचारावा लागतो. आपल्याकडे औषध म्हणजे बी.पी., शुगर किंवा हृदयासाठी डॉक्टरने लिहून दिलेलं. मेडिकलमधून सुटी आणलेली गोळी त्या यादीत बसत नाही, त्यामुळे "कोणती औषधं घेता" या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तरही अपुरंच येतं. गुडघा, कंबर, डोकं, दात अशी दुखण्याची नावं घेऊन विचारलं तर गोळी बाहेर येते. गावात मिळणाऱ्या वाताच्या पुड्यांबद्दलही मी वेगळं विचारतो, कारण अशा पुड्यांमध्ये कधी वेदनाशामक, कधी स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. या बाईंनी पुडी घेतली नव्हती.

तपासण्यांमध्ये हिमोग्लोबिन ६.८ आलं. तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान ६६ होतं, म्हणजे बरंच कमी (साधारण ८० ते १०० अपेक्षित असतं). मला हा आकडा हिमोग्लोबिनपेक्षा जास्त सांगून गेला. एकदम मोठा रक्तस्राव झाला तर हिमोग्लोबिन उतरतं, पण पेशींचा आकार नेहमीसारखाच राहतो. पेशी लहान होतात त्या शरीरातलं लोह संपल्यावर, आणि लोह संपायला महिने लागतात. या वयाच्या, पाळी थांबलेल्या बाईंच्या बाबतीत याचा अर्थ बहुधा असा होता की पोटातून थोडं थोडं रक्त कित्येक महिन्यांपासून जात होतं. वारीतल्या आठवड्यांत ते वाढलं, तेव्हा काळ्या शौचाच्या रूपात दिसलं.

किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारं क्रिएटिनिन ३.९, युरिया १६८, पोटॅशियम ६.०. चार महिन्यांपूर्वी गावातल्या आरोग्य शिबिरात क्रिएटिनिन १.१ होतं आणि कागदावर "नॉर्मल" असा शेरा होता. लघवीच्या तपासणीत प्रथिनं नाममात्र, रक्तपेशी नाहीत. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या साडेनऊ सेंटिमीटरच्या पुढे, कुठे अडथळा नाही. किडनीचा आजार वर्षानुवर्षं मुरलेला असेल तर त्या बहुधा आक्रसलेल्या दिसतात. इथे आकार टिकून होता, लघवी जवळपास स्वच्छ होती, म्हणजे किडनीच्या ऊतींची मोठी नासधूस झालेली दिसत नव्हती. त्यांच्याकडे पुरेशा दाबाने रक्त पोहोचत नव्हतं, आणि ते का पोहोचत नव्हतं याचा उलगडा पिशवीतल्या पट्ट्यांमध्ये होता.

हळूहळू सगळी हकिगत जुळत गेली. गुडघे दुखायला लागून पाचेक वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी शेजारणीने ही गोळी सुचवली. गुण आला, आणि सकाळ-संध्याकाळ एक अशी सवय लागली. तेव्हा बी.पी.साठी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची एकच गोळी चालू होती आणि दाब आटोक्यात होता. साधारण वर्षभराने दाब १५८/९४ वर गेला. मग औषध बदललं आणि टेल्मिसार्टन ४० व हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी जोडगोळी सुरू झाली. त्या भेटीत दुखण्याच्या गोळीचा विषयच निघाला नाही.

माझ्या मते प्रकरण तिथेच वळलं. आयबुप्रोफेनच्या जातीची औषधं शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्तदाब काही अंकांनी वर जातो. आटोक्यात असलेला दाब अचानक बिघडला तर औषध वाढवण्याआधी गेल्या काही महिन्यांत काय नवीन सुरू झालं हे शोधायला हवं. इथे ते शोधलं गेलं नाही. एका गोळीने चढवलेला दाब उतरवायला दोन औषधं आली, आणि ती नेमकी अशी निघाली की पहिल्या गोळीबरोबर किडनीला सर्वांत जास्त जड जातात.

पुढचं वारीत घडलं. चालून गुडघे सुजले, तशा दोनाच्या चार गोळ्या झाल्या. वाटेत दोनदा दुखण्याचं इंजेक्शनही घेतलं. कागदावर डायक्लोफिनॅक ७५ मिलिग्रॅम लिहिलेलं होतं, म्हणजे त्याच कुळातलं दुसरं औषध पहिल्यावर चढवलं गेलं. घाम भरपूर जात होता आणि पाणी मात्र त्या मुद्दाम कमी पीत होत्या. वाटेत बायकांना आडोसा मिळणं कठीण, म्हणून सकाळी घोटभर प्यायचं आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत थांबायचं, हे त्यांनी सुनेकडे बघत, दबक्या आवाजात सांगितलं. शेवटच्या दिवसांत दोनदा जुलाब झाले, मग एकादशीचा उपवास. या सगळ्यात बी.पी.ची गोळी मात्र एकदाही चुकवली नव्हती.

आता पोट आणि किडनी या दोघांचं एकाच गोळीशी काय वैर आहे ते पाहू. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिन आणि त्यासारखी औषधं शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. या कामाबद्दल त्यांना १९८२ मध्ये नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. सुजलेल्या सांध्यात ही द्रव्यं वेदना वाढवतात, म्हणून ती थांबली की बरं वाटतं. पण जठरात हीच द्रव्यं आतल्या अस्तरावर चिकट संरक्षक थर तयार करवतात, आम्ल मारणारा क्षार सोडवतात आणि अस्तराचा रक्तपुरवठा टिकवतात. ती नसली की स्वतःच्याच आम्लाने अस्तर सोलवटतं. गोळी हे काम मुख्यतः रक्तातून करते. त्यामुळे जेवणानंतर घेतली किंवा तिच्याऐवजी इंजेक्शन घेतलं तरी जठराची सुटका होत नाही. "गोळी पोटाला बाधते, इंजेक्शन द्या" असं म्हणणारे रुग्ण मला आठवड्याला भेटतात, म्हणून हे जरा ठासून सांगतो.

किडनीतली गोष्ट शेताच्या पाण्यावरून चटकन समजते. गाळणीत रक्त आणणारी एक बारीक धमनी असते आणि रक्त बाहेर नेणारी दुसरी. पाटाला पाणी कमी आलं की शेतकरी येणारं दार पूर्ण उघडतो आणि पुढचं दार थोडं आवळतो, म्हणजे वाफ्यात पाण्याची पातळी टिकते. शरीरात पाणी कमी झालं की किडनी हेच करते. येणारी धमनी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात आणि जाणारी धमनी आवळायचं काम अँजिओटेन्सिन करतं. आयबुप्रोफेनने पहिलं दार उघडेना. अँजिओटेन्सिनला अडवणाऱ्या टेल्मिसार्टनने दुसरं दार आवळेना. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढत राहिलं, आणि घाम, जुलाब, उपवास यांनी पाटातलं उरलंसुरलं पाणीही नेलं. गाळणीतला दाब कोसळला आणि लघवी जवळपास थांबली.

या तीन औषधांच्या एकत्र येण्याचा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रक्तदाबाची औषधं घेणारे ४ लाख ८७ हजारांहून अधिक लोक होते. टेल्मिसार्टनच्या गटातलं किंवा त्याच्या जवळच्या गटातलं औषध आणि लघवी वाढवणारं औषध, या जोडीवर आयबुप्रोफेनच्या जातीचं वेदनाशामक आलं की किडनी अचानक बिघडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी. याचा अर्थ अशा प्रत्येक रुग्णाची किडनी बिघडते असा नाही, मुळातला धोका छोटाच आहे. आमच्या बाईंनीही वर्षभर ही तिन्ही औषधं घेतली आणि वरवर काही झालं नाही. डोस दुप्पट झाला आणि शरीरातलं पाणी आटलं, तेव्हा ते निभलं नाही.

शिबिरातल्या त्या "नॉर्मल" शेऱ्याबद्दलही बोलायला हवं. ६२ वर्षांच्या बाईंमध्ये क्रिएटिनिन १.१ असेल तर सध्या वापरात असलेल्या सूत्राने गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, मिनिटाला साधारण ५७ मिलिलिटर येते. ६० च्या खालचा आकडा तीन महिने टिकला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. प्रयोगशाळेचा छापील पट्टा बरेचदा सगळ्यांसाठी सारखाच असतो. त्यात वय धरलेलं नसतं आणि बारीक अंगकाठीही धरलेली नसते. स्नायू कमी असलेल्या वयस्क बाईंचं क्रिएटिनिन पट्ट्यात असूनही किडनीचं काम बरंच घटलेलं असू शकतं. ६० च्या खाली आयबुप्रोफेनच्या जातीचं वेदनाशामक दीर्घकाळ देऊ नये आणि ३० च्या खाली शक्यतो देऊच नये, असा संकेत आहे. म्हणजे त्या कागदावर गोळी थांबवण्याचं कारण लिहिलेलं होतंच, फक्त ते वाचायला एक छोटं गणित करावं लागत होतं.

उपचारांचा क्रम महत्त्वाचा होता. ईसीजीत टी लहरी उंच, टोकदार झाल्या होत्या. पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू लागल्याची ती खूण होती. म्हणून आधी शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं. ते पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला काही काळ सांभाळतं. मग पोटॅशियम पेशींमध्ये ढकलायला ग्लुकोजबरोबर इन्सुलिन दिलं. सलाइन सुरू केलं, लघवीचं माप तासातासाला ठेवलं आणि आयबुप्रोफेन, टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड तिन्ही त्याच क्षणी बंद केली. पँटोप्रॅझोल शिरेतून सुरू झालं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली होतं, म्हणून दोन पिशव्या रक्त दिलं.

मुलाने बाहेर गाठून विचारलं, "डॉक्टर, आता कायमचं डायलिसिस का?" सोनोग्राफी आणि लघवीचा अहवाल हातात असल्यामुळे मला थोडं धीराने बोलता आलं. रक्ताचा दाब कमी पडून बिघडलेली किडनी कारण लवकर दूर झालं तर बहुधा सावरते. औषधांनी पोटॅशियम उतरलं नाही, लघवी सुरू झाली नाही किंवा फुप्फुसांत पाणी साचलं, तर काही वेळा डायलिसिस लागेल, एवढं स्पष्ट सांगितलं. सहाव्या तासाला लघवी उतरू लागली आणि रात्रीपर्यंत पोटॅशियम ५.१ वर आलं. डायलिसिस लागलं नाही.

दुर्बीण दुसऱ्या दिवशी सकाळी टाकली, रक्तदाब स्थिरावल्यावर. जठराच्या खालच्या भागात, म्हणजे अँट्रममध्ये, सव्वा सेंटिमीटरचा व्रण होता. त्याच्या तळाला एक चपटा काळा डाग होता, वाहती रक्तवाहिनी नव्हती. त्यामुळे क्लिप लावायची गरज पडली नाही. आजूबाजूला बारीक सोलवटलेल्या जागा होत्या. व्रणाच्या कडेचे तुकडे तपासायला घेतले, कारण जठरातला व्रण कधी कर्करोगाचाही निघतो. त्यात कर्करोग नव्हता, हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू मात्र सापडले. हे जंतू आपल्याकडे खूप लोकांच्या पोटात असतात, आणि त्यांच्या जोडीला वेदनाशामक आलं की व्रणाचा धोका एकेकट्या कारणापेक्षा कितीतरी वाढतो. किडनी सावरल्यावर त्यासाठी १४ दिवसांचे प्रतिजैविकांचे उपचार दिले.

एवढा व्रण होऊनही पोटात दुखलं कसं नाही, असं सूनबाईंनी विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. या औषधांनी होणारे व्रण बरेचदा न दुखता वाढतात, वेदना मारणारं औषध तर रोज पोटात असतंच. कित्येकांना पहिली खूण काळ्या शौचाचीच दिसते. या बाईंना मधूनमधून छातीत जळजळ व्हायची, तेव्हा त्या मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणून दोन-तीन दिवस घेत आणि थांबत. जळजळ जाई, व्रणाला बरं व्हायला वेळ मिळत नसे.

ॲसिडिटीच्या गोळीवर लोकांचा जो भरवसा आहे तो अर्धा खरा आहे. पँटोप्रॅझोल किंवा ओमेप्रॅझोल रोज, जेवणाआधी, वेदनाशामक चालू असेपर्यंत घेतलं तर जठर आणि त्याला लागून असलेल्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले व्रण खरोखरच बरेच टळतात. या बाईंनी तसं घेतलं असतं तर कदाचित रक्त गेलं नसतं. पण किडनीला त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण तिथलं नुकसान आम्लामुळे होतच नाही. आतड्याच्या पुढच्या भागालाही त्याचं संरक्षण मिळत नाही. पोटाला सौम्य म्हणून दिल्या जाणाऱ्या एटोरिकॉक्सिबसारख्या गोळ्यांचंही असंच आहे. जठराचा त्रास कमी होतो, किडनीचा धोका जवळपास तेवढाच राहतो आणि रक्तदाब चढतोच.

सहाव्या दिवशी घरी जाताना क्रिएटिनिन १.६ होतं. आठ आठवड्यांनी दुर्बीण पुन्हा टाकली, व्रण भरून आला होता. मधल्या काळात सुनेचा घाबरून फोन आला की शौच परत काळी होतेय. लोहाच्या गोळ्या सुरू होत्या. लोहाने शौच काळपट-हिरवट होते, पण चिकट होत नाही आणि तो उग्र वास येत नाही. तरी फोनवर विश्वासून न राहता हिमोग्लोबिन करून घेतलं. ते १०.९ पर्यंत चढलं होतं, म्हणजे रक्त जात नव्हतं.

रक्तदाबाचं जे झालं ते मला सर्वांत बोलकं वाटतं. वेदनाशामक बंद केल्यावर दोन आठवड्यांनी फक्त ॲम्लोडिपिन ५ सुरू केलं आणि दाब १३४/८२ वर राहिला. वर्षापूर्वी जोडगोळीची गरज पडली होती ती बऱ्याच अंशी आयबुप्रोफेनमुळेच, असं मानायला आता आधार होता. टेल्मिसार्टन वाईट औषध नाही. लघवीत प्रथिनं जाणाऱ्या रुग्णांमध्ये ते किडनी राखायलाच देतात. पुढे गरज पडली तर या बाईंनाही देऊ, पण उलट्या-जुलाब किंवा कडक उपवासाच्या दिवसांत ते डॉक्टरला विचारून थांबवायचं, ही सूचना आधी देऊन.

गुडघे अर्थातच दुखायचे थांबले नाहीत, आणि "गोळी बंद" एवढंच सांगून माणसाला घरी पाठवणं मला पटत नाही. अशी माणसं चार दिवसांनी पुन्हा त्याच मेडिकलमध्ये जातात. एक्स-रेमध्ये दोन्ही गुडघ्यांची आतली बाजू झिजलेली होती. डायक्लोफिनॅकचं मलम दिवसातून तीन-चार वेळा लावायला दिलं. त्यातलं साधारण ६ टक्केच औषध गोळीच्या मानाने रक्तात पोहोचतं. तरी त्यांच्या किडनीची अवस्था पाहता तेही ठरावीक आठवड्यांपुरतंच आणि क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून. दुखेल तेव्हा पॅरासिटामॉल, दिवसाला जास्तीत जास्त ३ ग्रॅम. ते या दुखण्यात फार जोरदार काम करत नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टने शिकवले आणि उलट्या हातात काठी दिली, म्हणजे जास्त दुखणाऱ्या उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात. खाली बसून करायची कामं सुनेने स्वतःकडे घेतली. दोन महिन्यांनी दुखणं निम्म्यावर आलं असं त्या म्हणाल्या. उजवा गुडघा रात्री झोपू देत नव्हता, म्हणून सांध्यात एकदा स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्याने काही आठवडे आराम पडला.

तिसऱ्या महिन्यात क्रिएटिनिन १.३ वर स्थिरावलं. ईजीएफआर ४६. शिबिरातल्या आकड्यापर्यंत ते परतलं नाही, आणि आता परतेल असं वाटत नाही. त्यातलं किती नुकसान दोन वर्षांच्या रोजच्या गोळीचं आणि किती त्या शेवटच्या दहा दिवसांचं, हे वेगळं काढता येत नाही, कारण गोळी सुरू करण्याआधीचं क्रिएटिनिन कुणी केलेलंच नव्हतं. आता दर चार महिन्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं ठरलं आहे. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, नॅप्रोक्सेन आणि एटोरिकॉक्सिब ही नावं मराठीत लिहून दिली आहेत. मेडिकलमधून कोणतीही गोळी घेताना सूनबाई पट्टीवरचं नाव त्या पानाशी जुळवून पाहतात. मागच्या महिन्यात सर्दीसाठी दिलेल्या एका मिश्र गोळीत त्यांना आयबुप्रोफेन सापडलं आणि त्यांनी ती दुकानातच परत केली.